फोन उचलल्यावर पहिलं वाक्य काय बोलता?

आज आईने फ्रिजची कम्प्लेंट द्यायला हेल्पलाइनला फोन लावला आणि ते ऐकून माझं डोकं फिरलं. आधी कंपनीचं कौतुक, मग नवीन स्कीम, मग 'आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे', मग रेकॉर्डिंगची सूचना, आणि एवढं झाल्यावर भाषा निवडा! अरे, आधी भाषा विचारा ना, मग काय ते सांगा. आईने मधेच फोन ठेवून दिला, म्हणे हे कुणीतरी जाहिरातवाले दिसतायत. पंच्याहत्तरीच्या बाईला कळलंच नाही की तिने लावलेला नंबर बरोबर लागलाय.

मोठ्या कंपनीला मेनू लागतो, रेकॉर्डिंग होत असेल तर तसं सांगावं लागतं, मान्य. पण ते एका छोट्या वाक्यात होतं, आणि भाषा निवडून झाल्यावर होतं.

आमच्या वहिनीचं ठाण्याला नौपाड्यात मेडिकल आहे. निम्मी गिऱ्हाइकं सिनिअर सिटिझन, फोनवरच ऑर्डर देणारी. पूर्वी ती नुसतं 'हॅलो' म्हणायची. समोरून ठरलेला प्रश्न, 'कोण बोलतंय? मेडिकल ना?' मग पुतण्याने इंग्रजीत 'गुड मॉर्निंग, वेलकम टू' पासून 'हाऊ मे आय हेल्प यू' पर्यंत लांबलचक लिहून काउंटरला चिकटवलं. तर समोरचे आजोबा गप्पच, आणि थोड्या वेळाने परत तेच, 'मेडिकल ना?' म्हणजे हॅलोने जे झालं नाही ते एवढ्या शब्दांनीही झालं नाही. पहिलं वाक्य चुकलंय हे ओळखायला दुसरं काही लागत नाही, गिऱ्हाईक कोण बोलतंय विचारतंय का तेवढं ऐका.

आता ती म्हणते, 'नमस्कार... अमुक मेडिकल, नौपाडा. वहिनी बोलतेय, बोला.' बस. चारेक सेकंद लागत असतील.

यात प्रत्येक शब्द कशासाठी आहे बघा. मोबाइलवर फोन उचलला की पहिला शब्द बऱ्याचदा अर्धा कापला जातो, समोरचा तेव्हा फोन कानाला लावत असतो. दुकानाचं नाव आधी घेतलं तर नेमकं तेच जातं. नमस्कार कापला गेला तरी बिघडत नाही, म्हणून तो पुढे, आणि त्याच्यानंतर अगदी छोटा श्वास. नौपाडा अशासाठी की त्याच नावाचं दुकान कोपरीलाही आहे आणि तिकडचे फोन इकडे यायचे. वहिनी हे नाव अख्खी गल्ली वापरते, खरं नाव सांगितलं तर लोक गोंधळतील. आणि 'बोला' म्हटलं की पुढची पाळी त्यांची, हे कुणाला समजावावं लागत नाही. ते ऐकू कमी येणारे आजोबा आता थेट सुरू करतात, 'वहिनी, बीपीच्या गोळ्या संपल्या गं.' मला हे ऐकून किती बरं वाटतं काय सांगू. आधी दोघं एकमेकांवर ओरडत असायचे.

हिंदी, गुजराती गिऱ्हाइकांचं काय, असं कुणीतरी विचारणारच. ठाण्यात तीही खूप आहेत, खरंय. वहिनी सुरुवात मराठीतच करते, समोरचा ज्या भाषेत उत्तर देईल ती पुढे चालवते. दोन भाषांत नमस्कार ऐकवत बसायची गरज नाही.

खरी अडचण संध्याकाळी आठला येते. काउंटरवर गर्दी, आणि तेच वाक्य दिवसभर बोलून तोंडात वितळून जातं. पहिलं जातं ते दुकानाचं नाव, कारण बोलणाऱ्याला ते पाठ असतं, ऐकणारा मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकत असतो. म्हणून ती अधूनमधून माझ्या बहिणीला घोडबंदर रोडवरून, ट्रॅफिकच्या आवाजात, फोन करायला सांगते आणि विचारते, काय ऐकू आलं? नाव स्पष्ट आलं नाही तर ते सावकाश, बाकी सगळं तसंच.

आणि गर्दीत वाक्य वेगळं आहे, 'नमस्कार, अमुक मेडिकल. काउंटरवर गिऱ्हाईक आहे, थांबता की मी करू फोन?' हे विचारून ती उत्तर ऐकते, मग फोन बाजूला ठेवते. कित्येक ठिकाणी 'एक मिनिट हं' म्हणून उत्तराची वाटही न बघता आपल्याला टांगून ठेवतात, त्याचा मला मनापासून राग येतो. आजारी माणूस असतो हो पलीकडे!

पुतण्या आता म्हणतोय की सुरुवातीलाच 'दहा टक्के सूट चालू आहे' घालूया. मी स्पष्ट नाही सांगितलंय. त्या आजोबांना गोळ्या हव्यात, त्या लिहून घे, पत्ता विचार, घरपोच कधी मिळेल ते सांग, आणि मग फोन ठेवताना सांग काय सूट आहे ती.