कथेला जरा अंग धरू द्या

तुमची कथा सतराशे शब्दांत संपत असेल आणि संपल्यावर वाचणारा गप्प बसत असेल, तर दुखणं अंगावर काढू नका. गप्प बसलेला वाचक धोक्याचा. त्याला निसर्गवर्णन आवडलं की संवाद, हे सांगता येत नाही, कारण त्याला ते वेगवेगळं दिसलेलंच नसतं. ज्या कथेत ‘पुलाचं वर्णन छान जमलंय’ असं म्हणायला जागा उरते, तिच्या लेखकाला रात्री झोप लागते.

या दुखण्याचं मूळ जुनं आहे. एडगर ॲलन पो नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८४२ साली हॉथॉर्नच्या कथांवर लिहिताना एक खूळ काढलं. कथा अर्ध्या तासापासून फार तर दोन तासांत, एका बैठकीत वाचून व्हावी. लेखकाने वाचकाच्या मनावर कोणता एकच परिणाम घडवायचा ते आधी ठरवावं आणि मग त्याला साजेसे प्रसंग रचावेत. पहिलं वाक्यच जर त्या परिणामाकडे सरकत नसेल, तर पहिल्याच पावलाला चूक झाली म्हणायचं. कादंबरी एका बैठकीत संपत नाही, मध्ये संसार आडवा येतो, म्हणून तिला हा एकसंध परिणाम साधत नाही, असंही त्याचं म्हणणं. बिचाऱ्याने दिवाळी अंक पाहिले नव्हते. पानं भरायची असतात हे त्याला कोण सांगणार?

उदाहरणच घेऊ. समजा, तुमच्या हाती पुढची कथा आली आहे.

एक शेतकरी सांगलीच्या मार्केट यार्डात हळद विकायला येतो. बरोबर लग्नाला आलेली मुलगी आहे. बापाचा चष्मा घरी राहिलाय, म्हणून हिशोबाची पट्टी ती वाचून दाखवते. हळदीचे झाले सत्तर हजार, ती मोठ्याने वाचते. उचल आणि व्याज वजा सदुसष्ट हजार दोनशे, तेही वाचते, जरा हळू. खालची ओळ न वाचताच ती पट्टीची घडी घालते. बाप विचारत नाही. परतीच्या एसटीत शेजारची बाई मुलीचे पिवळे झालेले तळवे बघून कौतुकाने म्हणते, “हळद लागली जणू, पोरी?” बाप खिडकीबाहेर बघतो. मुलगी म्हणते, “व्हय, मावशी.” कथा संपली.

आता ही सुधारायची कशी, ते बघा.

पहिलं काम, सुरुवात मागे न्या. मूळ कथा सुरू होते अडत्याच्या पेढीवर, सौदा होऊन गेल्यावर, “चष्मा घरीच ऱ्हायला, तूच वाच,” या बापाच्या वाक्याने. हे फारच घाईचं झालं. एकाच वाक्यात बाप आला, मुलगी आली, कागद आला, आणि बापाला तो कागद स्वतः वाचायचा नाही की काय, ही शंकासुद्धा आली. तुम्ही पहाटेपासून सुरू करा. कृष्णेवरचं धुकं घ्या, १९२९ साली झालेला आयर्विन पूल घ्या, पुलाखालून वाहून गेलेलं पाणी घ्या. पूल खरा आहे, देखणा आहे, सांगलीचा वाचक त्याला बघून खूश होतो. फक्त तो बापाच्या लाजेला काही लावत नाही. त्याने काय बिघडतं? चारशे शब्द वाचक पुलाची वाट बघतो. इतकं सांगितलंय म्हणजे कुणीतरी तिथून उडी मारणार, असं त्याला वाटू लागतं. मग शेवटी एसटी पुलावर आली की तो मुलीच्या तळव्यांकडे न बघता कठड्याकडे बघतो. काम फत्ते.

दुसरं, अडत्याला दुष्ट करा. मूळ कथेत तो फार अडचणीचा माणूस आहे. हळकुंड मोडून आतला रंग बघतो, “माल चांगलाय” म्हणतो, त्या दिवसातला चढा भाव मिळवून देतो आणि वर चहा मागवतो. यामुळे वाचकाची पंचाईत होते, कारण रागवायला कुणी उरत नाही. माल चांगला, भाव चांगला, माणूस बरा, तरी हातात काही राहिलं नाही. वाचकाला पळून जायला एकही दार नाही, त्याला त्या दोघांसोबत बाकावरच बसावं लागतं. म्हणून अडत्याला सोन्याची साखळी घाला, त्याला खोटं हसायला लावा, जमल्यास काट्यात खोट दाखवा. वाचकाला लगेच राग येईल. राग ही फार सोपी आणि मोकळं करणारी भावना आहे, आणि एकदा ती आली की लाजेला जागा उरत नाही. शोषणावर स्वतंत्र कथा होऊ शकते, चांगलीही होते, पण ती शेवटच्या “व्हय”वर संपणार नाही. दोन्ही एकाच पोत्यात भरा म्हणजे दोन्ही अर्ध्या होतील.

तिसरं काम नाजूक आहे. शेवटचा प्रश्न लागू पडायला वाचकाला दोन गोष्टी आधी ठाऊक असाव्या लागतात: लग्न ठरलंय आणि हात पिवळे झालेत. मूळ लेखकाने दोन्ही एकेकदाच सांगितल्यात, आणि त्याही दुसऱ्याच कामाच्या आडून. लग्नाचा उल्लेख येतो तो बाप अडत्याला “वैशाखात कार्य आहे, एवढी उचल वजा धरू नका” असं चाचरत म्हणतो तेव्हा. तिथे वाचकाचं लक्ष अडत्याच्या उत्तराकडे असतं, लग्न नुसतं कानावर पडतं. पिवळे तळवे येतात ते पट्टी धरताना. कागदाला डाग लागू नये म्हणून ती हात पदराला पुसते, रंग जात नाही. तिथे वाचक आकडे ऐकायच्या घाईत असतो. तुम्ही दोन्ही गोष्टी तीन-तीनदा सांगा. पेढीवर तळवे, चहाच्या कपाभोवती तळवे, एसटीचं तिकीट घेताना पुन्हा तळवे. तिसऱ्यांदा वाचक मनात म्हणेल, “आता कुणीतरी हिला हळदीचं विचारणार,” आणि बाई विचारेल. दोघांचं एकमत झाल्याचं समाधान मिळेल.

नाहीतर उलट टोकाला जा. आटोपशीर लिहायचं म्हणून ‘वैशाखात कार्य आहे’ हेच वाक्य कापा. हा उपाय तर खात्रीचा आहे. मग बाईचा प्रश्न नुसता गैरसमज ठरतो आणि मुलीचं उत्तर विनोद. कथेतलं वाक्य छोटं आहे की मोठं यावर ते ठेवायचं की नाही ठरत नसतं, असं काही हट्टी लोक म्हणतात. ते वाक्य काढलं तर शेवटची ओळ बदलते का, एवढंच ते बघतात. पूल काढला, शेवट तसाच राहिला, म्हणजे पूल गेला. चहा काढला तर अडत्याचा बरेपणा जातो, म्हणजे चहा राहिला. अशी एकेक गोष्ट झाकून कथा पुन्हा वाचायची चाचणी चुकूनही करू नका. चार पानांची कथा दोन पानांवर येते, आणि त्यातली आवडती पानंच आधी जातात.

आकड्यांचं राहिलं. खऱ्या पट्टीवर पोत्यांची संख्या असते, वजन असतं, क्विंटलचा भाव असतो, हमाली असते, तोलाई असते. मूळ कथेत दोनच आकडे आहेत, आणि वजाबाकी वाचकाने करायची आहे. मुलीने तिसरा आकडा गिळला तेव्हा तो वाचकाने आपल्या डोक्यात काढलेला असतो, म्हणजे तोही त्या गप्प बसण्यात सामील होतो. हे बरं नव्हे. तुम्ही नऊ पोती, पाच क्विंटल, चौदा हजारांचा भाव, हमाली, तोलाई, सगळं लिहा आणि खाली ‘शिल्लक’ म्हणून उत्तरही द्या. माहिती अचूक असल्याबद्दल यार्डातले लोक तुम्हाला मानतील. लेखकाला हे सगळं माहीत असावंच लागतं, नाहीतर दोन आकडेही चुकतात. पण माहीत आहे म्हणून कागदावर आणायलाच हवं, हा आपला खास आग्रह. वाचक ताळा करण्यात गुंतला की मुलीच्या आवाजाकडे त्याचं लक्ष जात नाही.

एवढं करूनही कथा जिवंत राहिलीच, तर शेवटचं औषध काढा: धक्का. गावात उतरल्यावर बाप कोपरीच्या खिशातून चष्मा काढतो! तो घरी राहिलाच नव्हता! टाळी नक्की. कल्पना वाईट नाही, हेच तिचं बळ आहे. वाईट कल्पना तुम्ही स्वतःच काढून टाकली असती. चष्मा बाहेर आला की कथा एकदम बापाची होते. त्याने मुद्दाम तिला वाचायला लावलं, का लावलं, याचा विचार सुरू होतो, आणि तिने एसटीत त्याच्यासाठी जे एका शब्दात केलं ते मागच्या मागे पुसलं जातं. पहिल्या वाक्यात नुसती शंका होती तोवर ती मुलीच्या शेवटच्या शब्दाला वजन देत होती, आता ती उत्तर होऊन बसली. दोन चांगले शेवट एकमेकांना जितके लवकर मारतात, तितकं एक वाईट शेवट कथेला मारू शकत नाही.

धक्का नको असेल तर समजावून सांगा. “व्हय, मावशी”नंतर एक परिच्छेद पुरे: तिच्या मनात काय काहूर माजलं, बापाच्या डोळ्यांच्या कडा कशा ओलावल्या, हळद पिकवणाऱ्यांच्या घरी हळद लागत नाही ही केवढी विटंबना. हा परिच्छेद लिहिताना हात आपोआप चालतो, तेवढ्यावरून तो कुठला ते ओळखावं.

आणि शीर्षक. मूळ लेखकाने कथेला ‘पट्टी’ म्हटलंय. कोरडं, यार्डातलं, काहीच न सांगणारं नाव. वाचक कागदाकडे बघत राहतो, आणि शेवट हातावरून येतो. तुम्ही ‘पिवळे हात’ ठेवा. अनुक्रमणिका उघडल्या उघडल्या लग्न, हळद आणि त्यातलं दुःख वाचकाला एकदमच कळेल. चित्रकारालाही सोपं जातं, तो पानभर पिवळे तळवे काढून देईल.