एक दिवस चुकला म्हणून मोजणी पुन्हा सुरू करू नका

"कोणतीही सवय 21 दिवसांत लागते, हे विज्ञानाने सिद्ध झाले आहे. रोज पाऊण तास व्यायाम करा. एक दिवस जरी चुकला तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. तिसऱ्या आठवड्यात कंटाळा आला तर समजा, इच्छाशक्ती कमी आहे. पाच-दहा मिनिटांचा व्यायाम म्हणजे स्वतःची फसवणूक. सर्वांना पाठवा."

हा मजकूर डिचोलीच्या माझ्या ताईपर्यंत तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपमधून पोचला. मी फोंड्याला बायकांचे व्यायामवर्ग घेते, त्यामुळे असले संदेश रोज बघते आणि सोडून देते. हा सोडवत नाही, कारण तो ताईने मनापासून पाळला. जुलैच्या झडीत एक दिवस पहाटे वीज गेली, व्हिडिओ लागला नाही, व्यायाम राहिला. तिने कॅलेंडरवरच्या सगळ्या खुणा खोडल्या आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. पुढच्या वेळी घरात पाहुणे आले, पुन्हा एक. तिसऱ्यांदा ती मला फोनवर म्हणाली, "माझ्याच्यानं नाही होत गं, आपल्यात ती जिद्दच नाही." रोज पहाटे उठून सासूबाईंचं सगळं करणारी बाई हे म्हणते!

म्हणून आधी त्या 'पुन्हा पहिल्यापासून'बद्दल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. 2010 साली ते युरोपियन जर्नल ऑफ सोशल सायकॉलॉजीमध्ये छापून आलं. 96 जणांनी खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एकेक साधी कृती निवडली. ती दिवसातल्या एका ठरावीक गोष्टीला जोडायची होती, जसं न्याहारीनंतर किंवा जेवणाआधी. मग 84 दिवस ते रोज नोंदवत गेले की कृती केली का आणि ती किती आपोआप झाली. एखादा दिवस चुकला, तर सवय रुजण्यावर त्याचा लक्षात घेण्याजोगा परिणाम झाला नाही. आधीच्या दिवसांत जमलेलं कुठे गेलं नाही. म्हणजे ताईने कॅलेंडरवरच्या खुणा खोडल्या तेव्हा तिचं शरीर आणि डोकं काहीच विसरलेलं नव्हतं. विसरायला लावलं ते या संदेशाने.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. सुरुवातीच्या दिवसांतल्या पुनरावृत्तीचं वजन सगळ्यात जास्त असतं. आपोआप होण्याचा आलेख आधी भराभर चढतो आणि मग सपाट होत जातो. वरचेवर दांड्या मारणाऱ्यांमध्ये सवय नीट रुजली नाही, हेही त्याच अभ्यासात दिसतं. तेव्हा सातत्याचा आग्रह खोटा नाही. पण एक दिवस चुकणं आणि वरचेवर चुकणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीला दुसरीत बदलायचं काम ही शिक्षा चोख करते.

21 या आकड्याचं थोडक्यात सांगते. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने 1960 सालच्या आपल्या पुस्तकात लिहिलं होतं की, शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला साधारण किमान 21 दिवस लागतात. त्यातलं 'किमान' गळालं आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम आला. लॅलींच्या अभ्यासातला मधला आकडा 66 दिवस आहे. सगळ्यात लवकर रुजलेली सवय 18 दिवसांत, तर सगळ्यात उशिरा रुजणारी 254 दिवसांत, असा 84 दिवसांचा आलेख पुढे नेऊन केलेला त्यांचा हिशेब आहे. व्यायामाला खाण्यापिण्याच्या सवयींच्या जवळजवळ दीडपट वेळ लागला.

आता तिसऱ्या आठवड्यातल्या कंटाळ्याकडे बघा. नव्याची नवलाई संपलेली असते आणि व्यायाम आपोआप घडण्याइतका मुरलेला नसतो. पहिल्या आठवड्यांत ताकद वाढते ती बरीचशी मज्जासंस्था स्नायूंना जास्त नीट कामाला लावू लागते म्हणून. आरशात दिसेल असा फरक त्यानंतर बराच उशिरा येतो. म्हणजे मेहनत पुरी आणि दाखवायला हाती काही नाही, असा हा काळ आहे. त्यात इच्छाशक्तीचा दोष काढणं मला क्रूर वाटतं. त्या आठवड्यात व्यायामाची मांडणी बदलावी लागते.

ताईबरोबर आम्ही दोन गोष्टी बदलल्या. पहिली, व्यायाम आधीपासून पक्क्या असलेल्या सवयीला जोडला. तिचं म्हणणं होतं, पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजला की सुरू करते. मी नको म्हटलं. पोदेराची वेळ आपल्या हातात नाही, मुसळधार पावसात तो उशिरा येतो, आणि पाव घेतल्या घेतल्या डब्याची घाई सुरू होते. मग तिने तुळशीपुढचा दिवा सुचवला. पण महिन्यातले चार दिवस ती दिवा लावत नाही, म्हणजे दर महिन्याला धागा तुटणार. शेवटी सकाळच्या पहिल्या चहाचा कप ठरला. चहा ती रोज घेते, सगळे उठायच्या आत घेते, आणि कप धुवून पालथा घातला की ते काम संपल्याची स्पष्ट खूण मिळते. खुर्ची तिथेच दोन पावलांवर.

दुसरी गोष्ट, सगळ्यात वाईट दिवसासाठी सगळ्यात लहान व्यायाम आधीच ठरवून ठेवला: खुर्चीवरून आठ वेळा बसून उठणं, ओट्याला हात टेकून आठ जोर, दहा वेळा टाचा वर-खाली. चार मिनिटंसुद्धा लागत नाहीत, वीज लागत नाही, गाऊन बदलावा लागत नाही. पूर्ण व्यायामाची सुरुवातही याच तीन गोष्टींनी होते, त्यामुळे अंगात जोर असेल त्या दिवशी ती तशीच पुढे जाते. नसेल तर थांबते, आणि तो दिवस भरला असं धरते. राहिलेलं दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला मी सक्त मनाई केली आहे. तिचे गुडघे आधी त्यानेच धरले होते.

ही फसवणूक आहे का? चार मिनिटांत आठवड्याचा व्यायाम पुरा होतो असं मी म्हणत नाही. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटांची मध्यम हालचाल सांगते. पण सलग दहा मिनिटं झाली तरच मोजा, ही जुनी अट त्यांच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत राहिलेली नाही. लहान व्यायामाचं काम कप आणि खुर्ची यांची जोडी टिकवण्याचं आहे. दोन-तीन आठवडे फक्त तेवढंच होत असेल, तर त्यातला एकच प्रकार थोडा वाढवायचा.

आणि तरीही अडलं, तर कुठे अडलं ते ओळखता येतं. दुपारी एकदम आठवलं की अरे, राहिलंच, तर जोडलेली सवय चुकली आहे, दुसरी शोधा. कप पालथा घालताना आठवलं, पण मनात "आज राहू दे का?" अशी घासाघीस सुरू झाली, तर व्यायाम मोठा झाला आहे, आठचे पाच करा.

चवथ तोंडावर आली आहे. घरात पाहुणे असतील, माटोळी बांधायची असेल, नेवऱ्या करायच्या असतील. त्या दिवसांत पूर्ण व्यायाम होणार नाही, हे ताईने आणि मी आजच ठरवून टाकलं आहे. तिचा स्वतःचा कप पालथा पडला की खुर्चीवरून आठ वेळा उठायचं, बाकी काही नाही. त्यांचा गणपती दीड दिवसाचा असतो. विसर्जनानंतर दोन दिवस आवराआवरीला, आणि त्याच्या दुसऱ्या सकाळपासून नेहमीसारखं.