मालिका नकोत, इंटरनेट हवे

आमच्या ब्रॉडबँडच्या बिलात एका प्रादेशिक भाषेतील मालिका-चित्रपटांचे पॅकेज शिरलेले होते आणि ती भाषा आमच्या घरात कुणालाही येत नव्हती. त्या भाषेबद्दल मला आदरच आहे. परंतु तो दरमहा बिलातून वसूल व्हावा, असे मला वाटत नव्हते.

चिरंजीवांनी फोनमधून ॲप काढून टाकले आणि विषय संपल्याचे जाहीर केले. त्याने फोनमधली जागा तेवढी मोकळी झाली, आकारणी जागची हलली नाही. ॲपवाल्यांना विचारले, तर सदस्यता ब्रॉडबँड कंपनीमार्फत असल्याने तिथेच सांगावे, असे उत्तर आले. कंपनीने अर्थातच ॲपवाल्यांकडे बोट दाखवले. बँकेतला ऑटोपेच बंद करा, असा सल्ला शेजाऱ्यांनी दिला. पण ऑटोपे संपूर्ण बिलाचा असतो, त्यातून मालिका तेवढ्या वेचून काढता येत नाहीत आणि बिल थकले की आधी इंटरनेटच जाते.

खरी मेख बिलातच होती. पॅकेजची रक्कम स्वतंत्र ओळीत दिसत असेल, तर ते ॲड-ऑन असते आणि एकटे काढता येते. मात्र आमच्यासारखे ते प्लॅनमध्येच मुरलेले असेल, तर त्याच वेगाच्या, पण ओटीटी नसलेल्या प्लॅनवर जाण्याखेरीज गत्यंतर नसते. हे मला ग्राहक सेवा केंद्रातून कळले नाही. तिथल्या बाईंनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि तक्रार 'कनेक्शन बंद करणे' या सदरात नोंदवली, त्यामुळे दोनच दिवसांत राउटर न्यायला एक तरुण दारात उभा राहिला.

"राउटर आणि अडॅप्टर द्या, काका. तुम्ही सोडताय ना आम्हाला?" त्याच्या स्वरात थोडे दुःखही होते.

मी सारी कर्मकथा ऐकवली. त्याने आधी राउटर नेण्याची नोंद रद्द करवली आणि मग म्हणाला, "बंद करा असं म्हणूच नका. 'प्लॅन बदल' म्हणा, नव्या प्लॅनचं नाव सांगा आणि तो कोणत्या तारखेपासून लागू होणार, ते मेसेजवर मागून घ्या."

त्याप्रमाणे फोन केला, तेव्हा पलीकडून दुसऱ्याच एका भाषेचे पॅकेज तीन महिने मोफत देऊ करण्यात आले. चौथ्या महिन्याचा विषय मलाच काढावा लागला. अखेर बदल मंजूर झाला, तोही पुढच्या बिलचक्रापासून.

पुढील बिलावर नव्या प्लॅनचे नाव आले, रक्कम उतरली आणि वेग तपासला, तर तो पूर्वीइतकाच निघाला. टीव्हीवरचे ॲप मात्र भरलेल्या पैशांची मुदत संपेपर्यंत इमानाने उघडत राहिले आणि आम्हाला न वाचता येणाऱ्या लिपीत रोज एका नव्या मालिकेची शिफारस करीत राहिले.