स्टुडिओ निवडताना काय विचारू नये

पाच वर्षं रात्री जागून बी.आर्क. झालात, ज्यूरीची बोलणी खाल्लीत, तर आता पगारासारखा क्षुद्र प्रश्न विचारून त्या तपश्चर्येवर पाणी ओतू नका. इंटिरियरवाल्यांनीही नाही. मुलाखतीला गेल्यावर फक्त भिंती बघा. एक्स्पोज्ड काँक्रीट, कोपऱ्यात मॉन्स्टेरा आणि टेबलावर एखादं मॉडेल दिसलं की लगेच होकार द्या.

तरीही राहवत नसेल, तर हिशेब घरी जाऊन करा. समजा 18,000 ठरले. वेळ सांगतील दहा ते सात. त्यातला सातचा आकडा प्लॅनमध्ये काढलेल्या झाडांसारखा, निव्वळ सूचक. महिन्याचे 26 दिवस आणि रोजचे 11 तास धरले तर 286 तास होतात, म्हणजे तासाला 63 रुपये. शिवाय तुम्ही कर्मचारी नसून ‘कन्सल्टंट’ आहात, हे पहिल्या महिन्याच्या शेवटी कळतं. 10 टक्के टीडीएस कापून हातात 16,200 येतात. टीडीएस रिटर्न भरून परत मिळू शकतो, पण तोवर घरमालक थांबत नाही. पेट्रोलला 2,000 गेले की तासाचे 50 रुपयेसुद्धा उरत नाहीत, आणि लॅपटॉप तुमचाच. साइटवरच्या गवंड्याला मात्र त्याची हजेरी विचारू नका. उगाच मन खट्टू होईल.

साइटचं म्हणाल, तर तिथे धूळ असते. ‘आठवड्यातून कितीदा जायचं, सोबत कोण असतं, साइट रिपोर्ट कोण लिहितं’ असं विचारणारा उमेदवार आळशी मालकाला फार खटकतो. एसीत बसून वॉर्डरोबचं ड्रॉइंग करणं केव्हाही बरं. खाचेची रुंदी प्लॅनवर 2400 मिलिमीटर लिहिलेली असतेच, तीच फॅक्टरीला कळवून टाका.

ते 2400 विटेपासून विटेपर्यंतचं माप असतं, हे साइटवर गेलेल्यालाच ठाऊक. दोन्ही बाजूंना 15-15 मिलिमीटर प्लास्टर चढलं की उरतात 2370. त्यात भिंत ओळंब्यात नसते, मध्येच पोट सुटलेलं असतं, तिथे भरतात 2362. म्हणून जाणते लोक प्लास्टर झाल्यावरच टेप लावतात. खाली, मध्ये आणि वर, पुढच्या कडेला आणि मागे, अशी सहा मापं घेऊन त्यातलं सगळ्यात लहान पकडतात. दोन्हीकडे अकरा-अकरा मिलिमीटर मोकळे सोडून वॉर्डरोब 2340 चा सांगतात आणि उरलेली फट फिलर पट्टीने झाकतात. तुमचा मात्र 60 मिलिमीटर मोठा येतो. मग सुतार साइटवरच पॅनेल कापतो, एज बँड जातो, बिजागरीची भोकं सरकतात आणि शटर एकमेकांना घासू लागतात. क्लायंट ओरडला की सगळे ड्रॉइंगच्या कोपऱ्यातला ‘ड्रॉन बाय’चा चौकोन बघतात. तिथे तुमची आद्याक्षरं ठळक असतात.

श्रेय मिळत नाही अशी ओरड करणाऱ्यांनी हा चौकोन विसरू नये. चूक झाली की ती तुमची, बक्षीस मिळालं की ‘टीम’चं, अशी ही सुटसुटीत वाटणी आहे. ‘सोडून जाताना कोणती ड्रॉइंग्ज पोर्टफोलिओत लावू द्याल, लेखी द्याल का?’ असं रुजू होण्याआधी विचारणं तर शुद्ध उद्धटपणा. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, पण तिला घरात घेतल्याशिवाय कुठल्याही स्टुडिओत बस्तान बसत नाही.

शिकायला काय मिळेल, हे तर विचारूच नका. ‘भरपूर’ हे उत्तर ठरलेलं आहे. तुमचं ड्रॉइंग लाल पेनाच्या खुणा होऊन परत येतं की नुसतं ‘पुन्हा कर’ म्हणून, एवढं तिथून सोडून गेलेला कोणीही दोन मिनिटांत सांगेल. म्हणूनच त्याला फोन करू नका.

आणि 1957 चा कॉपीराइट कायदा चुकूनही उघडू नका. नोकरीत किंवा शिकाऊ म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा, असं त्यात आहे. तरी आपण या कामाचे कर्ते आहोत असं सांगण्याचा हक्क कलम 57 मध्ये वेगळा ठेवलाय. गंमत पुढे आहे. मालकाला मिळणारी ही आपोआप मालकी नोकरीच्या करारापुरती. पीएफ वाचवायला ज्याला कागदोपत्री कन्सल्टंट केलं, त्याच्याकडून लेखी हक्क लिहून घेतले नसतील, तर त्याने स्वतः रचलेल्या डिझाइनवर पहिला दावा त्याचाच ठरू शकतो. सर हे वाचत असतील तर उद्या सकाळी तुमच्या टेबलावर एक करारपत्र येईल. न वाचता सही करा, म्हणजे दहाच्या आत कामाला लागता येईल.