समुद्राकाठचं मीठ, गरोदरपण आणि गळ्याची गाठ : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया :
«डॉक्टर, लेख वाचला, पण पटला नाही. मी तीस वर्षं उपकेंद्रात काम केलं आहे. आमच्या बायका रोज मासे खातात, मीठ समुद्राचंच असतं, मग त्यांना आयोडीन कमी पडेलच कसं? आणि शंका असेल तर लघवीत आयोडीन तपासा, एका आकड्यात निकाल लागतो. ओपीडीत बाहेर ऐंशी बायका बसलेल्या असताना 'मीठ कुठलं, कधी घालता, बरणी कुठे ठेवता' हे कोण विचारत बसणार? आणि एवढं लिहून ठेवून ते वाचणार कोण? – एक निवृत्त आरोग्यसेविका, सिंधुदुर्ग»

ताई, मनापासून आभार. समुद्राकाठच्या गरोदर बाईलाही आयोडीन कमी पडू शकतं, म्हणून गळा भरलेला दिसला की घरातल्या मिठाची चौकशी करून ती लिहून ठेवावी, असं मी त्या लेखात म्हटलं होतं. तुमचे प्रश्न कामातून आलेले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मिठाचं बघू. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन असतं जेमतेम पन्नास-साठ मायक्रोग्रॅम. समजा, पाणी आटताना त्यातलं सगळं आयोडीन मिठातच उतरलं, तरी एका ग्रॅमला पावणेदोन मायक्रोग्रॅमच्या वर ते जात नाही. प्रत्यक्षात एवढंही उतरत नाही, कारण खडे जमल्यावर आगरात उरलेलं पाणी काढून टाकतात आणि आयोडीनचा बराचसा भाग त्या पाण्याबरोबर जातो. आयोडीनयुक्त मिठात मात्र घरी पोचेपर्यंत ग्रॅमला किमान पंधरा मायक्रोग्रॅम असावं असा आपल्याकडे नियम आहे. म्हणजे शिरोड्याच्या आगरातलं मीठ कितीही स्वच्छ आणि चवीचं असलं, तरी आयोडीनच्या हिशेबात ते जवळपास शून्यच धरावं लागतं. गरोदर बाईची गरज जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला 250 मायक्रोग्रॅम धरली आहे, एरवीच्या मोठ्या माणसाची 150. ही वाढ उगाच नाही. आईची थायरॉइड ग्रंथी या काळात जवळजवळ दीडपट संप्रेरक बनवते, मूत्रपिंडातून आयोडीन जास्त बाहेर जातं आणि बाळाचा वाटाही तिच्याचकडून जातो.

आता मासे. माशांतून आयोडीन मिळतं हे खरंच आहे. पण 'रोज मासे' म्हणजे वर्षातले किती महिने, हे विचारायला हवं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद. त्याला लागून श्रावण, आणि बऱ्याच घरांत गणपती होईपर्यंत सामिष शिजतच नाही. आणि पहिल्या तीन महिन्यांत ज्या बाईला माशाचा वाससुद्धा सोसत नाही, तिच्यासाठी घरात मासळी आली काय आणि नाही काय, सारखंच.

माझ्याकडे आलेली एक बाई घ्या. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. पहिलटकरीण, चौदावा आठवडा, दिवस श्रावणाचे. मान सरळ ठेवूनही गळा भरलेला दिसत होता, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत दुसरी श्रेणी. गिळताना गाठ वर सरकत होती. हाताला मऊ, दोन्ही बाजूंना सारखी, वेगळा गोळा लागत नव्हता, दुखत नव्हती. थायरॉइडच्या रक्ततपासण्यांत टीएसएच 2.1, फ्री टी-फोर ठीक, ग्रंथीविरुद्धच्या टीपीओ अँटिबॉडी नाहीत. दुसरीकडे कुठेतरी तिच्या लघवीची तपासणी आधीच झाली होती. आयोडीन लिटरला 74 मायक्रोग्रॅम होतं आणि कागदावर ठळक शेरा होता : आयोडीनची कमतरता.

तुम्ही म्हणता तो एका आकड्याचा निकाल तो हाच. दीडशेच्या खाली कमी आणि 150 ते 249 पुरेसं, ही मर्यादा लोकसमूहासाठी आहे. पुष्कळ गरोदर बायकांचे नमुने घेऊन त्यांचा मधला आकडा काढायचा, तेव्हा ती लागू पडते. एकटीच्या एका नमुन्याला ती लावता येत नाही. कारण खाल्लेल्या आयोडीनपैकी नव्वद टक्क्यांच्या वर लघवीवाटे जातं खरं, पण ते काल काय खाल्लं आणि आज किती पाणी प्यायलं त्यावर हलतं. तिला उलट्या होत होत्या, म्हणून घरच्यांनी सकाळपासून लिंबूपाणी, शहाळं, पेज असं पाजलं होतं. लघवी पातळ, म्हणून आकडा खाली. नंतर दुसरा नमुना घेतला तेव्हा 180 आला. दोन्ही आकडे खरे आणि दोन्ही एकटे निरुपयोगी. एका व्यक्तीचं आयोडीन वीस टक्क्यांच्या आसपास अचूक सांगायचं तर वेगवेगळ्या दिवशीचे दहाएक नमुने लागतात. तालुक्याच्या ठिकाणी ते कोण करणार? टीएसएच ठीक आहे म्हणून आयोडीनही ठीक, असंही म्हणता येत नाही. सौम्य कमतरतेत ग्रंथी वाढून काम भागवते आणि टीएसएच बहुधा मर्यादेतच राहतो.

म्हणून मिठाची चौकशी. तिला विचारलं तर म्हणाली, 'पाकिटातलं आयोडीनवालं मीठ.' खोटं नव्हतं. फळीवर पाकीट होतंच. सासूबाई सोबत होत्या, त्यांना विचारलं की कशात कुठलं मीठ घालता, तेव्हा कळलं. भात, डाळ, भाजी पाकिटातल्या मिठाची. मासे, सोलकढी, लोणचं, कैऱ्या खारवणं, सगळं खड्याच्या मिठाचं. 'माशाक जाडांच मीठ व्हया,' त्या ठामपणे म्हणाल्या. शिवाय सोमवार, शनिवार आणि एकादशीला सैंधव.

दोन्ही मिठं पुढच्या वेळी पुडीत बांधून आणायला सांगितली. आशाताईंकडचं मिठातलं आयोडीन तपासायचं किट होतं. स्टीलच्या ताटलीत दोन लहान ढीग सपाट करून एकेक थेंब टाकला. पाकिटातल्या मिठावर निळसर जांभळा डाग पसरला, तक्त्यावरच्या ग्रॅमला पंधरा आणि तीस मायक्रोग्रॅमच्या मध्ये कुठेतरी. खड्याचं मीठ होतं तसंच पांढरं. अशा वेळी तिथेच थांबायचं नाही. मीठ अल्कधर्मी असेल तर रंग येत नाही, म्हणून किटमधल्या दुसऱ्या कुपीतला थेंब टाकून पुन्हा चाचणी करायची. केली, तरी रंग नाही. सासूबाई त्या दोन ढिगांकडे बराच वेळ बघत होत्या. किटवर मुदतीची तारीख असते, तीही बघावी. शिवाय त्यातून मिठात घातलेलं आयोडेट, म्हणजे आयोडीनचा क्षार, आहे की नाही हे नीट कळतं, किती आहे हे मात्र अंदाजानेच. नेमका आकडा हवा तर प्रयोगशाळेत टायट्रेशन, म्हणजे रासायनिक मोजणी.

किती मीठ पोटात जातं, हे बाईला विचारून कळत नाही. पाकीट किती दिवस पुरतं हे मात्र बाजार करणारा लगेच सांगतो. या घरात पाच मोठी माणसं आणि एक किलोचं पाकीट पन्नास दिवस. म्हणजे रोज वीस ग्रॅम, माणशी चार. ग्रॅमला पंधरा धरले तर साठ मायक्रोग्रॅम. शिजवताना वीसेक टक्के जातात असं धरलं तर हातात अठ्ठेचाळीस. अगदी ग्रॅमला तीस धरले तरी शंभरच्या आत. दूध फक्त चहातलं, अंडी-मासे श्रावणात बंद, आणि उलट्यांमुळे तिचं जेवण घरात सगळ्यांपेक्षा कमी. 250 च्या जवळ ती जात नाही, हे सांगायला याहून जास्त अचूकता लागत नाही. त्यात बरणी चुलीशेजारी, झाकण सैल, आणि पावसाळ्यात मिठाला पाणी सुटलेलं. ओलाव्याने आयोडीन आणखी घटतं, ते या हिशेबात धरलेलंच नाही.

दोन गोष्टी उलट बाजूने विचारल्या, कारण जास्त आयोडीननेही ग्रंथी बिघडते. जखमेवर किंवा योनिमार्गात पोव्हिडोन-आयोडीन वापरलं का, आणि अलीकडे डाय टोचून सीटी स्कॅन झालं का. दोन्हीला नाही. तिच्या गोळ्यांचं पाकीटही पाहिलं. सरकारी लोह-फॉलिक अॅसिडच्या गोळीत आयोडीन नसतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बाजारातल्या काही गरोदरपणाच्या गोळ्यांत असतं, काहींत नसतं. आणि लेबलवर 'पोटॅशियम आयोडाइड 150 मायक्रोग्रॅम' असं लिहिलं असेल तर त्यातलं आयोडीन सुमारे 115 च असतं.

वेळेचं म्हणाल तर ताई, ऐंशी बायकांना हे विचारायचंच नाही. ज्या एकदोघींचा गळा भरलेला दिसतो त्यांनाच विचारायचं, आणि तीनच प्रश्न : कशात कुठलं मीठ, पाकीट किती दिवस आणि किती माणसांत, आणि गेल्या महिन्याभरात मासे-अंडी-दूध खरोखर किती वेळा. उत्तरं बाईबरोबर आलेल्या सासूकडून किंवा जाऊबाईंकडून घ्यायची, कारण स्वयंपाकाचं मीठ बहुधा त्यांच्याच हातात असतं. हे काम तुमच्यासारखी आरोग्यसेविका बाहेरच्या बाकावर डॉक्टरपेक्षा चांगलं करते.

आता लिहून ठेवण्याचं. तिच्या कागदावर मी लिहिलं ते असं :

«14 आठवडे. गलगंड श्रेणी 2, मऊ, एकसारखा, गोळा नाही, श्वास किंवा गिळायला त्रास नाही. टीएसएच 2.1, फ्री टी-फोर योग्य, टीपीओ नकारात्मक, आयोडीन सुरू करण्यापूर्वी. घरात दोन मिठं : पाकीट (किट 15 ते 30), खडे (किट 0, पुनर्तपासणीतही 0), उपवासाला सैंधव (तपासलं नाही). पाकीट 1 किलो, 5 माणसं, 50 दिवस, माहिती सासूकडून. मासे-अंडी सध्या बंद. पोव्हिडोन-आयोडीन नाही, डाय नाही. कुटुंबात थायरॉइड : विचारलं नाही. लघवी आयोडीन 74 (पाणी जास्त प्यायल्यावर) आणि 180, दोन्ही एकेकटे नमुने. मत : आयोडीन कमी मिळत असण्याची दाट शक्यता, सिद्ध नाही.»

'विचारलं नाही' हे शब्द मुद्दाम आहेत. जागा रिकामी सोडली की पुढचा डॉक्टर ती 'नाही' अशी वाचतो. निदानाच्या संकेतांकातही मी E01.0, म्हणजे आयोडीनच्या कमतरतेचा गलगंड, टाकला नाही. E04.0, साधा पसरट गलगंड, टाकला. कारण पहिला शिक्का एकदा बसला की निघत नाही. पुढच्या बाळंतपणात याच गळ्यात गोळा झाला किंवा अँटिबॉडी आल्या, तरी 'आयोडीनचंच आहे' म्हणून कुणी पुढे तपासत नाही. ग्रंथीत वेगळे गोळे झालेल्या गलगंडात न पाहता भरपूर आयोडीन दिलं तर थायरॉइड उसळू शकतं, आणि अँटिबॉडी असतील तर मंदावू शकतं. ते लिहिणं वाचणारी व्यक्ती पुष्कळदा हीच असते, ताई : दोन वर्षांनी दुसऱ्या दवाखान्यात, दुसऱ्या गावात, त्याच बाईसमोर बसलेली.

तिला मीठ वाढवायला सांगितलं नाही, मीठ बदलायला सांगितलं. माशालाही पाकिटातलंच, खडे फक्त लोणच्यापुरते, उपवासालाही शक्यतो आयोडीनचंच. बरणी चुलीपासून दूर, घट्ट झाकणाची. सोबत रोज 150 मायक्रोग्रॅम आयोडीन असलेली गोळी. समुद्री शेवाळाच्या गोळ्या ऑनलाइन मिळतात, त्या नकोत असं स्पष्ट सांगितलं. त्यांतलं आयोडीन गोळीगणिक वेगळं असतं आणि कधी फार जास्त. सोनोग्राफीत गोळा नव्हता. किरणोत्सारी आयोडीन वापरून करतात तो थायरॉइड स्कॅन गरोदरपणात करायचाच नाही. टीएसएच आणि फ्री टी-फोर सहा आठवड्यांनी पुन्हा पाहिले, ठीक होते. गळा मात्र होता तेवढाच राहिला. गरोदरपणात तो लगेच ओसरेल अशी अपेक्षा मी तिला दिलीच नव्हती. बाळाची टीएसएच तपासणी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्त घेऊन करायची, एवढं कार्डावर लाल शाईने लिहून दिलं आहे.