चोवीसला येणार, सव्वीसला जाणार, रात्री दोन… बरोबर?

हॉटेलात फोनवर बुकिंग घेणाऱ्याचा सगळ्यात मोठा शत्रू कोण असेल तर "हो हो". समोरचा घाईघाईत काहीतरी सांगतो, आपण हो हो म्हणतो, फोन ठेवतो, आणि मग शनिवारी भर दुपारी एकाच रूमसाठी दोन इनोव्हा गेटात उभ्या राहतात आणि दोन्हीतून उतरणारी आजी म्हणते, मला आधी बाथरूमला जायचंय.

माझ्या मावसभावाचं दापोलीच्या पुढे समुद्राकडे छोटंसं रिसॉर्ट आहे, नऊ रूम. मी पुण्यात बरीच वर्षं हॉटेलांच्या फ्रंट ऑफिसला काढली, तर त्याचं म्हणणं पडलं की सीझनच्या आधी ये आणि आमच्या लोकांना फोनवर बोलायला शिकव. आमचे लोक म्हणजे वहिनी, रिसेप्शनवरचा पोरगा (जो बाकीच्या वेळात पंप चालू-बंद करतो) आणि मामा. मामांना खरं तर नारळ-सुपारी बघायला ठेवलंय, पण फोन वाजला की सगळ्यात आधी पोचतात तेच, आणि उचलल्या उचलल्या "कोण पाहिजे?" असं विचारतात. समोरच्याला रूम पाहिजे असते.

मी एक पानी स्क्रिप्ट लिहून नेली. नमस्कार, रिसॉर्टचं नाव, आपलं नाव, मग तारखा, माणसं, रूम, भाडं, नाव-नंबर, पैसे, आणि प्रत्येक टप्प्याला समोरच्याने सांगितलेलं आपण परत म्हणून दाखवायचं. इथे पहिलं बंड झालं. वहिनी म्हणाली, अहो भाऊजी, माणसाने एकदा सांगितलं की परत काय विचारायचं, त्यांना वाटेल ही बहिरी आहे नाहीतर विश्वास नाही हिचा. आणि तिचं चुकत नव्हतं हो, आपल्याकडे समोरच्याचं बोलणं त्यालाच परत ऐकवणं म्हणजे भांडणाची सुरुवातच असते, "काय म्हणालात? परत बोला!" म्हणून मी वर एक वाक्य जोडून दिलं, "एकदा वाचून दाखवते हं, माझं लिहिताना काही राहिलं असेल तर सांगा." आपल्या लिहिण्यावर ढकललं की समोरचा लगेच मऊ होतो, ही धंद्यातली जुनी युक्ती आहे.

आता तारखा. सगळी मजा इथेच आहे. लोक फोनवर तारीख सांगत नाहीत, बेत सांगतात. "शनिवार-रविवार पाहिजे होतं." म्हणजे शनिवारची एक रात्र, का शनिवार-रविवार दोन रात्री आणि सोमवारी सकाळी निघणार? "दोन दिवस राहू." दोन दिवस म्हणजे रात्री एक का दोन? त्यात आकडे असे की फोनला रेंज जरा कमी असली (आणि आमच्याकडे ती जांभळाच्या झाडाखाली उभं राहिल्याशिवाय येत नाही) की सव्वीस आणि सत्तावीस सारखेच ऐकू येतात. म्हणून नियम असा केला की तीन गोष्टी एका दमात परत म्हणायच्या, यायचा वार आणि तारीख, रात्री किती, जायचा वार आणि तारीख. तीनपैकी एक चुकली की बाकीच्या दोन बोंब मारतात. "रविवार, सव्वीस जानेवारी" असं कोणी म्हणालं की कॅलेंडरकडे बघायचं, 2026 च्या सव्वीस जानेवारीला सोमवार आहे, म्हणजे एकतर वार चुकलाय नाहीतर तारीख, आणि ते आत्ता फोनवर सुटतं, गेटात सुटत नाही.

आणि एक खास कोकणातलं लफडं. मुंबईकर शुक्रवारी रात्री जेवून निघतात आणि पहाटे पाचला दारात हजर! बुकिंग शनिवारचं, चेक-इन दुपारी बाराचं, रूममध्ये आधीचे लोक घोरतायत, आणि हे म्हणणार आम्ही शनिवारीच आलोय ना. तारखेच्या हिशोबाने बरोबरच आहे त्यांचं. हॉटेलच्या हिशोबाने मात्र पहाटे पाच ही शुक्रवारची रात्र. त्यामुळे "किती वाजेपर्यंत पोचाल?" हा प्रश्न स्क्रिप्टमध्ये अधोरेखित केलाय, आणि उत्तर पहाटेचं आलं तर स्पष्ट सांगायचं की रूम पहाटेच हवी असेल तर आदल्या रात्रीपासून बुक करावी लागेल, नाहीतर अंगणात चहा मिळेल, रूम बारालाच. मामांना हे इतकं आवडलं की आता ते सगळ्यांना विचारतात, बसचं तिकीट चौकशीला आलेल्यालासुद्धा.

नावांचं थोडक्यात सांगतो. फोनवर साने, माने, राणे, दाणे ही सगळी एकच माणसं असतात. पोरगा रजिस्टरमध्ये लिहायचा "जोशी, पुणे", झालं. पुण्याहून जोशी नावाचा माणूस येणार ही माहिती आहे का काय आहे? म्हणून पूर्ण नाव, आणि शंका आली की सरळ शाळेतल्यासारखं, "पाटणकर का? ण बाणाचा ना?" लोक हसतात पण पटकन सांगतात. शिवाय फोन बायको करते, पैसे मुलगा पाठवतो आणि गाडीतून उतरतात ते काका, तेव्हा बुकिंग कोणाच्या नावाने आणि येणार कोण हे दोन्ही लिहायचं. आणि खरी किल्ली म्हणजे मोबाईल नंबर, तो एकेक आकडा सुटा परत म्हणायचा. अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव असं जोडीने म्हणायला बंदी. सात आणि साठ यांच्यात तर मी स्वतःच्या कानावरही विश्वास ठेवत नाही.

मग पैसे. इथे आमचे लोक एकदम लाजाळू होतात. रूम "धरून ठेवणं" आणि रूम "पक्की" असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नुसती धरून ठेवलेली रूम ठरलेल्या वेळेपर्यंतच, मोठ्या हॉटेलांत पूर्वापार पद्धत म्हणजे यायच्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत, नंतर ती दुसऱ्याला. छोट्या ठिकाणी लाँग वीकेंडला एवढं थांबून चालत नाही, म्हणून आम्ही आजच संध्याकाळी सहा असं सांगतो, घड्याळाची वेळ, "थोड्या वेळात पाठवा" नाही. पक्की म्हणजे अॅडव्हान्स आलाय, मग गाडी पंक्चर होऊन तुम्ही रात्री दोनला पोचलात तरी रूम तुमचीच, पण आलाच नाहीत तर अॅडव्हान्स परत नाही. आता हे "आला नाहीत तर" वाक्य वहिनीच्या तोंडून बाहेरच पडेना! म्हणे कोणी पहिल्यांदा फिरायला निघालंय आणि आपण असं अशुभ बोलायचं? शेवटी तडजोड झाली, "देव करो आणि सगळं नीट होवो, पण बेत रद्द झाला तर…" अशी सुरुवात करून ती पुढचा नियम सांगते, आणि शेवटी विचारते, "चालेल ना?" समोरून "चालेल" असा शब्द आल्याशिवाय पुढे जायचं नाही, "हं" चालत नाही.

अॅडव्हान्स यूपीआयने. स्क्रीनशॉट आला म्हणजे पैसे आले नाहीत, बँकेच्या खात्यात जमा दिसले की आले, स्क्रीनशॉट आजकाल शाळकरी पोरंही बनवतात. पैसे आले की रक्कम आणि बारा आकडी व्यवहार क्रमांक रजिस्टरमध्ये. आणि दर सीझनला एक फोन हमखास येतो, भारदस्त आवाज, "मैं आर्मी से बोल रहा हूँ", चार रूम पाहिजेत, भाव नाही, तारखेची घासाघीस नाही, अॅडव्हान्स लगेच, फक्त हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. पोरग्याला ओळखायची सोपी खूण सांगितली, जो माणूस जेवणात मासे कुठले असं विचारत नाही तो गिऱ्हाईक नाही.

सगळं परत म्हणायचं हा नियम पोरग्याने मात्र फारच मनावर घेतला. सरावाला मी परदेशातला भाचा झालो, म्हटलं कार्डाचा नंबर घे. त्याने सोळाच्या सोळा आकडे, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे, सगळं खणखणीत आवाजात परत वाचून दाखवलं, समोर सोफ्यावर चहा पीत बसलेल्या दोन फॅमिल्यांसकट, आणि कॅलेंडरच्या मागे लिहूनही ठेवलं. एवढी एकच गोष्ट परत म्हणायची नाही, म्हणजे फोनवर घ्यायचीच नाही. पेमेंटची लिंक पाठवायची, कार्डवाला स्वतः भरेल, आपल्याकडे कार्डाचा कागद राहताच कामा नये.

एवढं झाल्यावर वहिनीला खरा फोन दिला. प्रजासत्ताक दिनाचा लाँग वीकेंड, समोर ठाण्याच्या एक बाई.

"चोवीस, पंचवीस, सव्वीस पाहिजे होतं."

पूर्वीची वहिनी हो हो म्हणाली असती. आता म्हणाली, "शनिवारी चोवीसला येणार, सव्वीसची रात्र पण राहणार का सव्वीसला सोमवारी सकाळी निघणार?" बाई थांबल्या. "सोमवारी निघू, मंगळवारी ह्यांचं ऑफिस." म्हणजे रात्री दोन. आम्ही तीन धरून बसलो असतो आणि सोमवारची रूम रिकामी गेली असती. माणसं किती? सहा, दोन मुलं "लहान आहेत". वय? एक बारा, एक चौदा. म्हणजे गाद्या लागणार. रूम दोन. भाडं रूमला रात्रीचं साडेतीन हजार, त्यावर पाच टक्के जीएसटी (साडेसात हजारापर्यंतच्या रूमला सप्टेंबर 2025 पासून बारावरून पाचवर आलाय, हे मला मुद्दाम सांगावं लागलं, वहिनी अजून बारा लावत होती), म्हणजे 3,675. दोन रूम दोन रात्री 14,700. निम्मा अॅडव्हान्स 7,350, आज संध्याकाळी सहापर्यंत, तोवर रूम नुसत्या धरून ठेवलेल्या. मग देव करो आणि सगळं नीट होवो. चालेल ना? चालेल. नाव राणे, र रथाचा. नंबर सुटा सुटा. पोचणार किती वाजता? दुपारी दोन. मग सगळं पुन्हा एकदा, वारासकट, अथपासून इतिपर्यंत, एक चूक नाही. मी तर हात जोडले.

"तर मग राणेताई, क्यूआर पाठवू का व्हॉट्सअॅपवर?"

"नाही नाही, आत्ता नको," बाई म्हणाल्या, "मी आपला रेट विचारायला फोन केला होता, ह्यांना अजून विचारलेलंच नाही."