हळदीची पट्टी निघत नाही तोवर पहिलं रिलीज झालेलं नसतं

“स्टोरी मॅप म्हणजे भिंतीवर चिकटवलेला बॅकलॉगच. प्रत्येक स्टोरीला प्राधान्य द्या, वरून मावतील तेवढ्या घ्या, रिलीज तयार. एकेक मॉड्यूल पूर्ण करून दिलं की ग्राहकाला काम दिसतं. पातळ तुकडा देणं म्हणजे अर्धवट माल गळ्यात मारणं.”

आपल्या भागातल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. तीन मुद्दे आहेत, तिन्हींना उत्तर देतो. उदाहरण सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानाचं घेऊ. ते काम इथल्या बऱ्याच जणांनी जवळून पाहिलेलं असतं.

आधी यादीचा, म्हणजे बॅकलॉगचा मुद्दा. यादीला एकच दिशा असते, वरून खाली. मॅपला दोन असतात. डावीकडून उजवीकडे दुकानातलं काम ज्या क्रमानं घडतं तो क्रम: गाडी येते आणि गोणी उतरतात, माल लॉटला लागतो, सौदा होतो, वजन होतं, शेतकऱ्याची पट्टी म्हणजे त्याच्या मालाच्या हिशेबाचा कागद निघतो, खरेदीदाराचं बिल होतं, पैसे फिरतात. हा मॅपचा कणा. त्यातल्या प्रत्येक टप्प्याखाली ते काम कसकसं करता येईल याची कार्डं, सगळ्यात साधा प्रकार वर आणि सोयीचे प्रकार खाली. रिलीजची रेघ आडवी मारायची असते, त्यामुळे तिच्यावर प्रत्येक टप्प्यातलं काही ना काही राहतं.

नुसत्या प्राधान्यानं यादी लावली की काय होतं? लॉगिन ‘अत्यावश्यक’, शेतकरी नोंदणी ‘अत्यावश्यक’, व्यापारी नोंदणी, वाण, गावं, कोणाला काय दिसावं याचे अधिकार, सगळंच ‘अत्यावश्यक’. वरून कापलं की पहिल्या रिलीजमध्ये नोंदणीचे देखणे स्क्रीन येतात आणि पट्टी कुठेच नसते. दुकानाचा मालक ते पाहतो, छान म्हणतो आणि दिवाणजी कार्बनचं पट्टीबुक पुढे ओढतो. यादीतला प्रत्येक निर्णय सुटा पाहिला तर बरोबर होता. एका शेतकऱ्याचा माल या स्टोऱ्यांतून दाराबाहेर पडतो का, हे यादीला विचारताच येत नाही.

मॉड्यूलचा मुद्दा यातच निम्मा निकाली निघतो, कारण मॉड्यूल म्हणजे मॅपवरचा एक उभा रकाना. आवक मॉड्यूल शंभर टक्के झालं तरी त्याचा दुकानाला उपयोग शून्य, कारण आवक लिहायची ती पट्टी करण्यासाठीच. उलट दुकानाचं काम दुप्पट होतं, संगणकातही लिहा आणि वहीतही लिहा. हळदीची मोठी आवक फेब्रुवारीपासून मेपर्यंत असते. त्या गर्दीत दुहेरी नोंद दोन दिवस टिकते, तिसऱ्या दिवशी संगणकावर टॉवेल पडतो.

रेघ बरोबर पडली का, याची माझी कसोटी साधी आहे. त्या रिलीजचा परिणाम एका वाक्यात लिहायचा आणि वाक्यात माणूस व वेळ दोन्ही हवेत. “सौदा झाला त्याच संध्याकाळी दिवाणजी पट्टी छापून देतील, हातानं लिहिणार नाहीत.” हे चालतं. “आवक आणि मास्टर पूर्ण” हे चालत नाही, त्यात कोणाचंच काम हलत नाही. दुसरी खूण डेमोत सापडते. पुढच्या स्क्रीनवर जाण्यासाठी डेव्हलपरला डेटाबेसमध्ये हातानं ओळी घालाव्या लागल्या, तर मधला एखादा टप्पा रेघेखाली राहिलाय.

अर्धवट मालाच्या आक्षेपात मात्र दम आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. पातळ तुकडा चुकीचा कापला तर तो खरंच अर्धवट असतो. पातळ करायची ती सोय. हिशेबाचा बरोबरपणा पातळ करता येत नाही.

दिवाणजींना मॅपसमोर बसवायचं आणि कालच्या एका शेतकऱ्याचा माल गाडीतून उतरल्यापासून सांगायला लावायचं. प्रत्येक कार्डावर “मग काय होतं?” एवढंच विचारायचं. समजा वीस गोणी उतरल्या. आपण ‘एक आवक, एक लॉट, एक भाव’ असं धरलेलं असतं. दिवाणजी सांगतात, त्यातल्या चौदा हळकुंडाच्या आणि सहा कणीच्या, भाव वेगळे, खरेदीदारही वेगळे. आपलं कार्ड तिथेच फाटतं. एका आवकेचे अनेक लॉट, ही स्टोरी रेघेच्या वर जाते, कारण तिच्याशिवाय पट्टी होणारच नाही.

आकडे फक्त समजण्यापुरते घेतो. हळकुंड ७ क्विंटल २० किलो, भाव १४,०००, म्हणजे १,००,८०० रुपये. कणी ३ क्विंटल १० किलो, भाव १२,०००, म्हणजे ३७,२००. बेरीज १,३८,०००. हमाली-तोलाईचं गणित फिटलं, आता पट्टी छापायची, तेवढ्यात दिवाणजी म्हणतात, “यांची वीस हजारांची उचल आहे की.” उचल वजा न करता छापलेली पट्टी शेतकऱ्याच्या हातात देता येत नाही. पेननं खाडाखोड करून दिली तर दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कार्बनचं बुक.

इथे दोन चुका होऊ शकतात. ‘उचल खातं’ पुढच्या रिलीजमध्ये ढकलायचं, की पट्टी निरुपयोगी. किंवा उचलीची खातेवही, व्याज, मागील बाकी सगळं आत्ताच घ्यायचं, की हंगाम निघून जातो. तिसरी वाट मॅपवर लगेच दिसते. पट्टीवर ‘इतर वजावट’ अशी एक मोकळी ओळ. दिवाणजी वहीत बघून २०,००० टाइप करतात, पट्टी बरोबर निघते, खातेवही वहीतच राहते. एका स्टोरीचे दोन तुकडे झाले, एक रेघेवर आणि एक खाली.

तसंच बाकीचं. सौद्याचा भाव लिलावाच्या जागी मोबाइलवर टिपायचा नाही, दुकानात परतल्यावर कागदावरून चढवायचा. वजन काट्याला जोडून आणायचं नाही, तोलाईदाराच्या चिठ्ठीवरची बेरीज टाइप करायची. खरेदीदाराचं बिल पहिल्या रिलीजमध्ये अजिबात नाही. तो रकाना रेघेवर रिकामा दिसेल, तर तिथे वेगळ्या रंगाचं कार्ड लावायचं, ‘हातानं, बिलबुकात’. रिकाम्या रकान्यात कागदाची सोय लिहिलेली असेल तर तो निर्णय असतो. लिहिलेली नसेल तर ती विसरलेली गोष्ट समजावी.

मग दुसरं रिलीज बिलाचं आणि खरेदीदाराकडच्या येण्याचं, तिसरं उचल खात्याचं आणि काटा जोडणीचं. वेळ कमी पडला तर रेघ वर सरकवायची, म्हणजे प्रत्येक टप्प्यातली सोय थोडी कमी होते, शेवटचा टप्पाच गळून पडत नाही. यादीत नेमकं उलट होतं, तळाशी असेल ते जातं, आणि आपल्या दुकानात तळाशी पट्टी होती.

जिरा सॉफ्टवेअरमध्ये हे टिकवायचं तर कण्यातला टप्पा म्हणजे एपिक आणि आडवी रेघ म्हणजे `Fix versions` असं धरावं. नुसता बॅकलॉगचा क्रम ठेवला तर भिंतीवरची आडवी दिशा तिथे हरवते.

आणि मॅप सगळीकडे चालतो असंही नाही. महिनाअखेरचा एखादा रिपोर्ट, संथ चालणारा सर्व्हर किंवा साठलेले बग यांना डावीकडून उजवीकडे जाणारा प्रवासच नसतो. तिथे त्या मेसेजातली प्राधान्यक्रमाची यादी खुशाल वापरा.